शिफारसपत्र मागताना सरांना तयार मसुदा जोडावा का?

निनाद_दांडियाबाजार: एम. एस. युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या पाच ठिकाणी मास्टर्ससाठी अर्ज करतोय, पहिली मुदत 15 डिसेंबर. हीट ट्रान्सफर शिकवलेल्या सरांना शिफारसपत्रासाठी मेल लिहितोय. मित्र म्हणतात, मेलसोबत पत्राचा मसुदाच जोडून टाक. जोडू का?

रावपुरेकर: बिनधास्त जोड. साठ जणांच्या वर्गातला तू कोण, हे सरांना आठवायला हवं ना? मसुदा नसेल तर "विद्यार्थी मेहनती व प्रामाणिक आहे" अशा तीन ओळी जातात आणि त्या कुणालाही चालतील अशा असतात. पाच विद्यापीठं म्हणजे पाच फॉर्म. सरांचं काम जेवढं हलकं करशील तेवढं लवकर होईल.

मृदुला_ताई: तीन ओळींची भीती खरी आहे, पण त्यावरचा उपाय मसुदा नव्हे. तीन सरांना तीन मसुदे एकाच हाताने लिहिलेस, की एकच वाक्यरचना आणि तीच विशेषणं तिन्ही पत्रांत येतात. शेकडो अर्ज वाचणाऱ्याला ते चटकन कळतं. शिवाय पत्र अपलोड करण्याआधी बऱ्याच पोर्टलवर सरांना प्रश्न असतात: विद्यार्थ्याला कधीपासून ओळखता, तो वर्गात वरच्या पाच टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत. तुझ्या मसुद्यात "सर्वोत्तम विद्यार्थी" आणि सरांनी खूण केली पंचवीसवर, तर पत्र आणि फॉर्म एकमेकांना खोटं पाडतात.

मसुद्याऐवजी एक पान माहिती जोड. सरांचा विषय कुठल्या सेमिस्टरला होता, मार्क किती, रोल नंबर, प्रयोगशाळेत काय केलंस. हीट एक्स्चेंजरचा प्रयोग केला असशीलच. त्यात काही बिघडलं होतं का?

निनाद_दांडियाबाजार: हो! गरम पाण्याने दिलेली उष्णता आणि थंड पाण्याने घेतलेली, यांत बराच फरक येत होता. आम्ही तापमान स्थिर व्हायच्या आतच आकडे टिपत होतो. थांबून पुन्हा घेतल्यावर फरक कमी झाला. जो उरला तो नळीच्या इन्सुलेशनमधून जाणाऱ्या उष्णतेचा, असं जर्नलमध्ये लिहिलं होतं.

मृदुला_ताई: मग हेच मेलमध्ये घाल. साधारण असं:

"आदरणीय सर, सहाव्या सेमिस्टरला मी आपला हीट ट्रान्सफरचा विद्यार्थी होतो (रोल नंबर सोबत). हीट एक्स्चेंजरच्या प्रयोगात उष्णतेचा हिशेब जुळत नव्हता, तेव्हा स्थिर अवस्था येईपर्यंत थांबून आमच्या गटाने आकडे पुन्हा घेतले होते. थर्मल विषयात मास्टर्ससाठी पाच विद्यापीठांत अर्ज करत आहे. माझ्या कामाबद्दल आपल्याला तपशिलात लिहिता येईल असं वाटत असेल, तरच शिफारसपत्र द्यावं ही विनंती. पहिली मुदत 15 डिसेंबर आहे."

"तरच" काढू नकोस. ज्यांना तू नीट आठवत नाहीस, ते सर त्यामुळे सहज नाही म्हणू शकतात, आणि कोमट पत्रापेक्षा ते परवडतं. मेल ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाऊ दे. पुढे दिवाळीची सुट्टी, मग परीक्षा, आणि डिसेंबर उजाडतो.

अण्णा_मांडवी: एवढं कशाला? लेटरहेडवर पत्र घ्या, शिक्का मारा, पाकीट बंद करून त्यावर सरांची सही घ्या. आमच्या थोरलीच्या वेळी असंच केलं होतं, पाच पाकिटं एकदम तयार!

मृदुला_ताई: अण्णा, आता अर्जात सरांचा ईमेल भरला की पोर्टलवरून लिंक थेट त्यांनाच जाते. पाकीट घेऊन निनादने कुठे द्यायचं? निनाद, तिथे सरांचा विद्यापीठाचा ईमेल दे. खाजगी पत्त्यावर शंका घेतली जाते. लिंक पुष्कळदा स्पॅममध्ये पडते, म्हणून पाठवल्या दिवशीच सरांना कळव.

त्याच पानावर विचारतात, हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेत 1974 च्या कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला तो हक्क आहे. बहुतेक जण सोडतात, कारण गुप्त पत्रावर समितीचा विश्वास जास्त बसतो. लिंक जाण्याआधीच विचार करून उत्तर दे, मागाहून बदलणं बऱ्याच ठिकाणी जमत नाही.

रावपुरेकर: माहितीचं पान मान्य. पण सरच म्हणाले "मसुदा करून आण", तर? असं म्हणणारे कमी नाहीत.

मृदुला_ताई: तर तेच पान मुद्दे म्हणून पुन्हा द्यायचं आणि म्हणायचं, "सर, वाक्यं आपली असू द्या." पत्र न पाहण्याचं लिहून द्यायचं आणि तेच पत्र स्वतः लिहायचं, हे मला पटत नाही.

रावपुरेकर: ताई, नोव्हेंबरच्या शेवटी सरांना हे ऐकवायचं आणि दुसरे सर शोधायचे? पोरगा मसुदाच देणार.

निनाद_दांडियाबाजार: सरांचं उत्तर आलं. "लॅबचं जर्नल घेऊन सोमवारी केबिनमध्ये ये." मसुद्याबद्दल काहीच नाही. जर्नल माळ्यावर आहे, शोधतो.