५२ मिनिटांच्या माहितीपटाचा दीड मिनिटाचा ट्रेलर, ताण कसा चढवायचा?

दिवाडकर: आमचा गोव्यातल्या खाजन शेतीवरचा, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतीवरचा माहितीपट आहे, नाव ‘मानस’, म्हणजे त्या बांधातली भरतीचं पाणी अडवणारी झडप. ट्रेलरसाठी प्रत्येक भागातलं एकेक वाक्य उचललं, इतिहास, खारं पाणी सोसणारं कोरगुट भात, मानशीचं दार, बांध फुटणं, पण वाचताना अनुक्रमणिका वाटते. आणि शेवटची ओळ ‘खाजन वाचवा, गोवा वाचवा’ चालेल का?

कातरकाम: माहितीपटाचा क्रम सोडून द्या आधी. सगळी स्क्रिप्ट पेन घेऊन वाचा आणि ज्या ओळीनंतर ‘मग काय झालं?’ असं विचारावंसं वाटतं तेवढ्यावरच खूण करा, कोरगुटची माहिती कितीही चांगली असली तरी तिथे खूण होणार नाही. प्रश्न एकच ठेवा, आज रात्री बांध टिकणार का. सुरुवातीला दिवसाउजेडी भरती येते, पाण्याच्या दाबाने मानशीचं लाकडी दार मिटतं, शेतकरी निवांत सांगतो, "दार आपणच बंद होतं." मग तेच दार जवळून, फळी कुजलेली, फटीतून पाणी. मग अमावास्येची रात्र, बॅटरीचा उजेड, चिखलाचे गोळे हातोहात चाललेत, इथून बोलणं दोन-तीन शब्दांवर आणा आणि शॉटही आखूड करत न्या. शेवटी आवाज तोडा, काळा पडदा, फक्त थेंब. बांधाचं काय झालं ते दाखवू नका. ‘वाचवा’ ही घोषणा झाली, तिथे उत्तरच देऊन टाकलंत. त्यापेक्षा पहिलंच वाक्य परत आणा: ‘आजवर दार आपणच बंद होत आलं.’ आणि खाली मानस.

फोंड्याचा बाब: पण पुण्या-मुंबईच्या माणसाला खाजन म्हणजे काय तेच माहीत नाही! आधी अर्धा मिनिट निवेदन पाहिजेच.

कातरकाम: अर्धा मिनिट गेला की ट्रेलर गेला. मात्र एक ओळ हवी हे तुमचं बरोबर, ‘भरतीला नदी शेतापेक्षा उंच होते’. यात माहितीही आली आणि भीतीही.

जत्रेतला नाटकवाला: आम्ही नाटकाची जाहिरात गाडीवरून करतो, अर्धी कथा सांगून टाकतो, तरी मंडप भरतो. लपवण्याचं एवढं काय?

शेतकऱ्याची लेक: मला हा सगळा प्रकारच पटत नाही. आमचं खाजन एका रात्रीत गेलं नाही हो, बांधाची डागडुजी वर्षानुवर्षं झाली नाही, खारं पाणी झिरपत राहिलं, शेत पडीक झालं. तुम्ही त्याची पुराची गोष्ट केलीत तर दोष अमावास्येवर जातो आणि ज्यांनी बांधाकडे पाहिलं नाही ते सुटतात.

कातरकाम: कुजलेली फळी त्याचसाठी घेतली ताई, पण एका शॉटने ते पोचेलच असं नाही, हे मान्य. दिवाडकर, रात्रीच्या शॉटवर जे बोलणं लावाल ते त्याच रात्रीचं आहे ना? दुसरीकडचं वाक्य तिथे चिकटवलं तर तो माणूस जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी जातं.

दिवाडकर: स्क्रिप्ट काढून बघितली. "सोंपलें सगळें" हे काकांचं वाक्य मी तिथे ठेवलं होतं, ते मानशीवरच्या मासळीच्या लिलावाबद्दल निघालं. काढलं. आता त्या जागी फक्त धापा टाकल्याचा आवाज आहे, तो त्याच रात्रीचा. पण डागडुजीचं कुठे बसवू ते अजून सुचत नाहीये.