‘एक्स्ट्रीम फायबर’ म्हणजे ‘सर्वांत वरचा तंतू’ का?

भाषांतरकर्ती:
एका पाठ्यपुस्तकाच्या भाषांतरात उतरत्या छपरावरील पर्लिनचे उदाहरण आहे. ‘एक्स्ट्रीम फायबर’साठी मी ‘सर्वांत वरचा’ आणि ‘सर्वांत खालचा तंतू’ असे लिहिले होते, कारण साध्या तुळईच्या प्रकरणात ते शब्द चालून गेले होते. तपासनिसांनी दोन्ही शब्द खोडून ‘टोकाचा तंतू’ केले, पण कारण दिले नाही. पर्लिनमध्येही सर्वाधिक दाब सर्वांत वरच नसतो का?

मायबोलीप्रेमी:
तंतूचे नंतर पाहू. ‘पर्लिन’ हा शब्द तरी कशाला ठेवायचा? आपल्याकडे ‘वासा’ आहेच.

जुना अभियंता:
वासा उताराच्या दिशेने जातो, तर पर्लिन त्याला आडवी, कैचीपासून कैचीपर्यंत जाते; त्यामुळे येथे वासा लिहिल्यास वाचक भाराची दिशाच चुकीची धरेल.

ताई, मूळ प्रश्नासाठी एक उदाहरण घेऊ. ३० अंश उताराच्या छपरावर १०० मिमी रुंद व १५० मिमी खोल लाकडी पर्लिन उताराला काटकोनात बसवली आहे. गाळा ३ मीटर, टोके साधी टेकलेली आणि उभा भार मीटरला १.६ किलोन्यूटन आहे. त्यामुळे मध्यावरचे नमन परिबल १.८ किलोन्यूटन-मीटर येते. भार उभा असला तरी पर्लिनचे अक्ष कललेले आहेत, म्हणून परिबलाचे दोन घटक करावे लागतात: छपराला लंब भारापासून १.५६ आणि उताराच्या दिशेच्या भारापासून ०.९०. पहिल्याला १५० मिमीची खोली तोंड देते व ४.१६ न्यूटन प्रति चौरस मिमी प्रतिबल येते. दुसऱ्याला फक्त १०० मिमीची रुंदी मिळते, म्हणून जवळजवळ निम्म्या परिबलातूनही ३.६० येते. उताराच्या वरच्या बाजूच्या माथ्यावरील कोपऱ्यात दोन्ही दाब मिळून ७.७६ होतात आणि कर्णाने समोर येणाऱ्या खालच्या कोपऱ्यात तेवढाच ताण येतो. उरलेल्या दोन कोपऱ्यांत घटक एकमेकांविरुद्ध जातात व जेमतेम ०.५६ उरते. हीच पर्लिन सपाट छपरावर असती, तर माथ्याची संपूर्ण कड ४.८० वर राहिली असती. येथे ‘तंतू’ म्हणजे ती कड नव्हे, एकच कोपरा.

भाषांतरकर्ती:
पण तिरक्या पर्लिनचा तो कोपरा जमिनीपासून सर्वांत उंचच आहे. मग ‘वरचा’ बरोबर ठरला ना?

जुना अभियंता:
येथे तो योगायोगाने बरोबर ठरला आहे. छेदातील ज्या रेषेवर दाबही नसतो आणि ताणही नसतो, तो उदासीन अक्ष; टोकाचा तंतू म्हणजे त्यापासून सर्वांत लांबचा तंतू. तो उंचीवर ठरत नाही. येथे उदासीन अक्ष उताराच्या रेषेशी ५२.४ अंशांचा कोन करतो, म्हणजे आडव्या रेषेपासूनही २२.४ अंश दूर आहे. पर्लिन वाकतेही त्याला लंब दिशेने, म्हणून ती सरळ खाली न जाता उताराकडेही सरकते.

विद्यार्थी_स्थापत्य:
आम्ही याला ‘असममित नमन’ म्हणतो, कारण पर्लिनचा छेद असममित असतो.

जुना अभियंता:
माझ्या उदाहरणातला आयताकृती छेद दोन्ही अक्षांभोवती सममित आहे, तरीही हे घडते. भाराचे प्रतल मुख्य अक्षांपैकी एकाशीही जुळत नाही, एवढेच कारण पुरेसे आहे. तुमचे म्हणणे चॅनेलच्या पर्लिनबाबत अर्धे लागू पडते, कारण तेथे भार कर्तन केंद्रातून जात नसेल, तर पीळही पडतो. तो या गणितात मोजलेला नाही.

मायबोलीप्रेमी:
म्हणून मी ‘तिरके वाकणे’ सुचवतो. ‘नमन’ म्हटले की वाचकाला देवापुढचे नमन आठवते.

विद्यार्थी_स्थापत्य:
पण परीक्षेत ‘नमन’ हाच शब्द येतो. एक शंका आहे: मी वाऱ्याच्या भाराचेही असेच घटक करत होतो आणि उत्तर जुळत नव्हते.

जुना अभियंता:
वाऱ्याचा दाब छपराला लंबच धरला जातो, त्यामुळे त्याला उताराच्या दिशेचा घटक नसतो. पत्र्याचे व पर्लिनचे वजन मात्र उभे असल्याने त्याचे घटक करावे लागतात.

साइटवरची:
आमच्या कामात पर्लिनच्या मध्यावर सॅग रॉड असतात. मग तेथे तुमचा हाच कोपरा तपासायचा का?

जुना अभियंता:
नाही, आणि ‘वरचा’ हा शब्द नेमका येथे फसतो. मध्यावरचा रॉड पर्लिनला उताराच्या दिशेने धरतो, त्यामुळे त्या दिशेचा गाळा दीड मीटर होतो. तेथील परिबल ०.९० वरून ०.२२५ वर येते आणि त्याचे चिन्हही उलटते. प्रतिबल ३.६० ऐवजी ०.९० होते, पण त्याचा दाब आता उताराच्या खालच्या बाजूस पडतो. मध्यावरचा सर्वाधिक दाब ५.०६ असून तो माथ्यावरील, उताराच्या खालच्या बाजूच्या कोपऱ्यात असतो; सर्वांत उंच कोपऱ्यात ३.२६ च उरतो.

भाषांतरकर्ती:
मग ‘टोकाचा तंतू’ मान्य आहे. आता आकृतीत ‘वरचा’ लिहिलेले दोन बाण बदलावे लागतील.

मायबोलीप्रेमी:
‘टोकाचा’ म्हटल्यावर वाचक पर्लिनचे टोक, म्हणजे कैचीवर टेकलेले टोक समजेल, आणि तेथे तर परिबल शून्य असते. ‘कडेचा तंतू’ का नको?

विद्यार्थी_स्थापत्य:
पण वर म्हटल्याप्रमाणे तो संपूर्ण कड नसून कोपरा आहे.