उकळल्याने नायट्रेट वाढते

> विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ९० निघाले. चार महिन्यांच्या बाळाच्या वरच्या दुधाला उकळून चालेल का?

चालणार नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट उडून जात नाही; लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झाले, की ९० मिलिग्रॅमचे प्रमाण १२० वर जाते, आणि भारतीय मानकाची मर्यादा प्रतिलिटर ४५ आहे. उसाला दिलेल्या युरियातले पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट बनून पाटपाण्याबरोबर विहिरीत झिरपते. सहा महिन्यांखालील बाळात त्याचे नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. ओठ-नखे निळसर दिसली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. कँडल फिल्टर किंवा यूव्ही येथे निरुपयोगी. आरओ चालतो, मात्र त्यातून निघालेले पाणीही तपासून घ्यावे.