मदत हवी आहे: एकाच कॉलेजात प्रयोग केलाय, शीर्षकात 'गोव्यातील विद्यार्थी' लिहू की नको?

पावशी_सकाळ
नमस्कार मंडळी. एम.एड.ची प्रबंधिका आहे, महिन्याभरात जमा करायची. उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाची १२० मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकून ६०-६० चे दोन गट केले. एका गटासाठी सहा आठवडे, पहिल्या तासाआधी ८ ते ८.३० असा वर्ग घेतला: पुस्तकातला इंग्रजी उतारा वाचायचा आणि मराठी-कोंकणीतून त्यावर बोलायचं. दुसऱ्या गटाचं नेहमीसारखंच चालू. शेवटी ५० गुणांची चाचणी घेतली. वर्गाला बसलेल्यांना सरासरी ५ गुण जास्त.

मी खूश. पण गाईड मॅडमनी शीर्षकातल्या 'गोव्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी' या शब्दांभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'कोण म्हणतं?' आता व्हायवाला काय सांगू? बाह्य वैधतेवरचा परिच्छेद सगळे जण लिहितात तसा 'हे संशोधन एका महाविद्यालयापुरते मर्यादित आहे' असा लिहून सुटका होईल का?

फेरीबोट
काही काळजी करू नका. माझी इथली मार्कशीट कोल्हापूरला एम.ए.साठी चालली. फक्त मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते वेळेत काढा.

पावशी_सकाळ
दादा, मार्कशीट नव्हे हो, निष्कर्ष दुसऱ्या कॉलेजात लागू पडतील का, असं विचारतेय :)

फेरीबोट
अरे देवा. शीर्षक घाईत वाचलं.

टी_टेस्ट
मॅडम उगाच अडवतायत. चिठ्ठ्या टाकल्यात ना? मग प्रयोग पक्का. फार तर नमुना वाढवा, त्याच कॉलेजात पुढच्या वर्षी ३०० मुलं घ्या, कोणी बोट दाखवणार नाही.

जुना_परीक्षक
टी_टेस्ट यांचं अर्धं बरोबर आहे. चिठ्ठ्यांमुळे हे ५ गुण वर्गामुळेच वाढले, हुशार मुलं एका गटात गेल्यामुळे नव्हे, एवढं नीट म्हणता येतं. पण चिठ्ठ्या टाकल्या त्या कॉलेजात आल्यानंतर. कोणती मुलं त्या कॉलेजात यायची हे चिठ्ठीने ठरवलं नव्हतं. ते ठरवलं घर कुठे आहे, बारावीला किती पडले आणि बस कुठून सुटते यांनी. तिथेच ३०० मुलं घेतलीत तर 'या कॉलेजात किती फरक पडतो' हे जास्त बारकाईने कळेल. कॉलेजं मात्र एकच राहतील, आणि एका कॉलेजावरून कॉलेजाकॉलेजात किती फरक असतो ते मोजता येत नाही.

हे दुखणं फक्त आपलं नाही. मानसशास्त्राची बरीचशी इमारत अमेरिकन कॉलेजांतल्या पोरांवर उभी आहे. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ते चव्हाट्यावर आणलं. त्यांचं एक उदाहरण मला फार आवडतं. टोकांना आत-बाहेर वळलेले बाण असलेल्या दोन सारख्या रेघा आपल्याला लहान-मोठ्या दिसतात ना? अमेरिकेतली कॉलेजची मुलं त्यात सगळ्यात जास्त फसली, तर कलहारीतल्या सान लोकांना तो भास जवळजवळ झालाच नाही. जी गोष्ट माणसाच्या डोळ्याचा स्वभाव वाटली, ती तशी नव्हती.

आता तुमच्याकडे. मुलं कुठून येतात याची नोंद आहे? आणि त्या वर्गाचं हजेरीपत्रक?

काणकोणचे_सर
मध्येच बोलतो, माफ करा. आमच्याकडे असाच सकाळचा वर्ग दोन वर्षं घेतला, फरक शून्य. मी समजलो आमची मुलंच कच्ची.

जुना_परीक्षक
सर, मुलं कच्ची असणं वेगळं आणि वर्गाचा त्यांना उपयोग न होणं वेगळं. दुसऱ्या कॉलेजाची सरासरी कमी असली म्हणून हिचा निष्कर्ष तिथे खोटा ठरतोच असं नाही. ३० वर असलेली मुलं ३५ वर जातात, तशी २० ची २५ वर जाऊ शकतात. बिघडतं ते वाढच वेगळी झाली तर. आणि वाढ कशामुळे बदलते ते शोधायला हवं.

पावशी_सकाळ
दोन दिवस रजिस्टरं उपसली. बसच्या पासावरून कळलं की १२० पैकी ९६ मुलं गावातली किंवा जवळची, २४ लांबची. नशिबाने दोन्ही गटांत ४८ आणि १२ अशीच विभागली गेलीत. जवळच्यांना वर्गामुळे ६ गुण जास्त, लांबच्यांना फक्त १!

आणि हजेरी: ३० दिवसांपैकी जवळची मुलं सरासरी २६ दिवस, लांबची ९. त्यांची कदंबाची बस सव्वाआठला येते. पावसात तर साडेआठ.

जुना_परीक्षक
हेच हवं होतं. आता हिशोब बघा. तुमच्याकडे ८० टक्के जवळची, २० टक्के लांबची. ६ चे ८० टक्के म्हणजे ४.८, १ चे २० टक्के म्हणजे ०.२, मिळून ५. म्हणजे तुमचे ते ५ गुण हे त्या गावच्या वस्तीचं मिश्रण आहे. आता जिथे जवळची ३० टक्के आणि लांबची ७० टक्के अशा कॉलेजाचा विचार करा: १.८ अधिक ०.७, म्हणजे २.५. शिकवणं तेच, फायदा निम्मा.

पण यावर लगेच इमले बांधू नका. लांबचा १ हा आकडा १२ विरुद्ध १२ मुलांवरून आलाय. खरा आकडा ४ असेल किंवा उणे २ सुद्धा. शिवाय ही फोड तुम्ही निकाल पाहिल्यानंतर केलीत, म्हणून प्रबंधिकेत ती 'अंदाज' म्हणूनच जावी. तिसरं म्हणजे, खरं कारण अंतर नसून चुकलेले दिवस दिसतात. वर्ग दुपारी ठेवला असता तर हे सगळं गणित बदललं असतं.

टी_टेस्ट
मान्य. मग असेच टक्के घालून सासष्टीतल्या कॉलेजाचा आकडाही काढता येईल की.

जुना_परीक्षक
तिथे अडतं. पावशी_सकाळ, तुमच्यात प्राथमिक शाळा इंग्रजीतून केलेली मुलं किती?

पावशी_सकाळ
एकही नाही. सगळी मराठी किंवा कोंकणी प्राथमिक, पाचवीपासून इंग्रजी.

जुना_परीक्षक
मग सासष्टीत अशी मुलं असली, तर जी तुमच्या नमुन्यात नाहीतच त्यांना कितीने गुणायचं? मराठीतून समजावण्याचा फायदा त्यांना कमी होईल असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं. आणि शिकवणाऱ्या तुम्ही एकट्याच. तुमच्याऐवजी दुसरं कोणी असतं तर काय, हेही यातून कळत नाही.

पावशी_सकाळ
म्हणजे शीर्षकात 'उत्तर गोव्यातील एका महाविद्यालयातील' असं लिहिते, आणि मर्यादांमध्ये बस, हजेरी, माध्यम आणि मी स्वतः. अजून एक कॉलेज केलं तर पुरेल का?

जुना_परीक्षक
दोन कॉलेजांवरूनही 'गोवा' म्हणता येणार नाही. पण कॉलेज मुद्दाम तुमच्याहून वेगळं निवडा, लांबून येणारी जास्त असलेलं. तिथल्या टक्केवारीवरून किती गुण वाढतील तो आकडा आधी कागदावर लिहून मॅडमकडे द्या, मग वर्ग घ्या. आकडा जवळपास आला तर तुमच्या कारणात दम आहे. चुकला तर आणखी काहीतरी आहे जे तुम्ही मोजलेलं नाही.

काणकोणचे_सर
आमच्याकडे या. लांबची निम्म्याहून जास्त आहेत. फक्त एक सांगतो, पहिली बस ८.४० ला पोचते आणि तास ८.३० ला सुरू होतो. दुपारी ठेवलात तर परतीची बस १.१५ ची, ती चुकली की पुढची थेट तीनला. तेव्हा वर्ग कधी ठेवायचा ते तुम्हीच सांगा.