मदत हवी आहे: कॉफी मशीनच्या टाकीत गुलाबी चिकट थर, व्हिनेगरने पण जाईना

मैत्रेयी_पुणे
नमस्कार, आमच्याकडे छोटं एस्प्रेसो मशीन आहे, मागे सुटी काढता येणारी पाण्याची टाकी, साधारण सव्वा लिटरची. गणपतीला गावी बारा दिवस होतो आणि टाकीतलं पाणी तसंच राहिलं. परत आल्यावर मी न बघता वर पाणी ओतून दोन दिवस कॉफी केली, मग जरा कुबट वास आला म्हणून झाकण उघडलं तर कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत थर आणि झाकणाच्या आतून काळे ठिपके. दोनदा व्हिनेगरचं पाणी मशीनमधून फिरवलं तरी थर तसाच. घरात सासूबाई आहेत, त्यांचे केमोचे डोस चालू आहेत आणि त्यांनीही ती कॉफी प्यायलीय, म्हणून जीव टांगणीला लागलाय. काय करू?

सह्याद्रीचा_वारा
एवढं घाबरू नका हो, कॉफीसाठी पाणी नव्वद डिग्रीच्या वर तापतं, त्यात जंतू मरतात. ब्लीच टाकून एकदा मशीन फिरवा, विषय संपला.

जुना_बरिस्ता
थांबा, मशीनमधून ब्लीच अजिबात फिरवू नका. आतला हीटर बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तो खराब होतो आणि रबरी भागांत वास बसतो. आणि ताईंनी आधी व्हिनेगर फिरवलंय, त्यावर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वयंपाकघरात हे खरंच धोक्याचं आहे. पाणी तापतं हे बरोबर, पण पंपाच्या पुढे. टाकी, झडप आणि पंपापर्यंतची नळी कायम गार असते, थर तिथेच वाढतो आणि त्याचे तुकडे सुटून पुढे जातात.
ताई, व्हिनेगर क्षारासाठी असतं. क्षाराचा थर पांढरा आणि खरखरीत, तो आंबट पाण्यात विरघळतो. तुमचा थर जिवंत आहे, जंतू स्वतःभोवती चिकट आवरण करून प्लास्टिकला धरून बसतात, त्यावरून व्हिनेगर नुसतं वाहून जातं. तो साबण लावून घासूनच काढावा लागतो. गुलाबी ते बहुतेक बॅक्टेरिया, बाथरूमच्या फरशीवर येतात तसे, आणि काळे ठिपके बुरशीचे.

लिंबूटिंबू
आमच्या गीझरला पण असाच पांढरा थर येतो, बोअरचं पाणी आहे, मी दर तीन महिन्यांनी लिंबाचं सत्त्व घालते, एकदम चकाचक होतो.

जुना_बरिस्ता
लिंबूटिंबू, तो क्षार झाला, त्याला तेच बरोबर, पण इथे प्रश्न वेगळा आहे.
ताई, असं करा. प्लग काढा, टाकी सोडवा, आत कार्बनचा फिल्टर असेल तर सरळ फेकून द्या, तो धुऊन साफ होत नाही. टाकी कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडने भिजवा, उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. मग बाटलीच्या मऊ ब्रशने घासा, तळाची स्प्रिंगवाली झडप, तिची रबरी रिंग आणि झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने, सगळ्यात जास्त तिथेच साचतं. खळखळून धुतल्यावर हवं तर फक्त सुट्या टाकीत लिटरभर गार पाण्याला एक चहाचा चमचा साधं, वास नसलेलं ब्लीच, दहा मिनिटं, खिडकी उघडी ठेवून, मग भरपूर पाण्याने धुऊन उलटी ठेवून पूर्ण वाळवा. शेवटी ताजं पाणी भरून दोन टाक्या कॉफी न घालता फिरवा, वाफेच्या नळीतूनही सोडा.
आणि सासूबाईंचं डॉक्टरांना आजच कळवा, ताप किंवा जुलाब असले तर लगेच. तोवर त्यांची कॉफी पातेल्यात करा.

मैत्रेयी_पुणे
खूप धन्यवाद दादा. आत्ताच फोन केला, ताप नाहीये, लक्ष ठेवायला सांगितलंय. पण एक कळत नाही, आम्ही तर आरओचंच पाणी भरतो मग असं कसं झालं?

जुना_बरिस्ता
उलट त्यामुळेच. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं ते आरओमध्ये निघून जातं, क्षार कमी होतात हे चांगलं, पण साचलेल्या पाण्यात जंतूंना अडवायला काही उरत नाही. म्हणून रात्री टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवायचं, सकाळी ताजं पाणी, आठवड्यातून एकदा साबणाने घासायचं. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतं, ओल्या टाकीच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवा, कुर्रर्र वाजलं तर स्वच्छ, सटकलं तर थर आहे.

ऑफिसची_कॉफी
आमच्या ड्रिप मशीनची टाकी निघतच नाही, हात पण जात नाही, बोट फिरवायचं कुठे?

जुना_बरिस्ता
तिथे माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. उलटं करून रोज रिकामं ठेवणं आणि लांब ब्रश जाईल तिथवर घासणं एवढंच जमतं, आत थर दिसला तर मी स्वतः ते मशीन वापरणार नाही.

मैत्रेयी_पुणे
अपडेट, गुलाबी सगळं गेलं, बोट वाजतंय आता. पण झाकणाच्या रबरात काळे डाग अजून आहेत, दोनदा घासलं तरी.

जुना_बरिस्ता
रबरात बुरशी मुरली की निघत नाही, रिंग नवीन घ्या, सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगून मागवा. पंपापर्यंतच्या नळीची खात्री मात्र बाहेरून देता येत नाही, तीही तिथे बघून घ्या आणि तोवर सासूबाईंना पातेल्यातलीच द्या.