फॅमिली प्लॅन घेतला तरी सगळ्यांची गाणी एकत्रच येतायत, सल्ला हवा

पहाटेचा_रियाज: घरी आम्ही सहा जण. बाबा पहाटे पाचला उठून अभंग आणि नाट्यसंगीत लावतात. महिन्याभरापूर्वी यूट्यूब प्रीमियमचा फॅमिली प्लॅन घेतला. तरी परवा पहाटे बाबांनी यूट्यूब म्युझिक उघडलं, तर पहिल्या ओळीत माझ्या मुलाची "चांदोबा"छाप बालगीतं आणि बहिणीचं हेवी मेटल. बाबा काही बोलले नाहीत, फोन खाली ठेवून नुसते बसून राहिले. मला ते फार लागलं. प्रत्येकाच्या शिफारशी आणि हिस्टरी वेगळी राहायला नक्की काय करायचं?

नाशिकचा_निनाद: सोपं आहे. बाबांच्या खात्यात हिस्टरी पॉज करून टाका, म्हणजे कुणी काहीही लावलं तरी नोंद होणार नाही.

मीनल_ठाणे: निनाद, त्याने नवीन भर थांबेल, पण बाबांच्या अभंगांचीही नोंद होणार नाही. मग त्यांना सुचवायचं कशाच्या आधारावर? आणि आधी मिसळलेलं तसंच राहील.

पहाटेचा_रियाज, आधी एक सांगा. प्लॅन घेतल्यावर बाकीच्यांना निमंत्रण पाठवून त्यांच्या त्यांच्या जीमेलवर स्वीकारायला लावलंत, की सगळे बाबांच्याच खात्यात आहेत?

पहाटेचा_रियाज: निमंत्रणं पाठवली, बहिणीने आणि बायकोने स्वीकारली. पण टीव्ही आणि हॉलमधला स्पीकर बाबांच्या खात्यावर चालू केले होते, ते तसेच आहेत.

मीनल_ठाणे: मग गळती तिथेच आहे. फॅमिली प्लॅन फक्त पैसे एकत्र करतो. मुख्य सदस्य धरून सहा जण, आणि प्रत्येकाची हिस्टरी ज्याच्या त्याच्या गूगल खात्यात. पण ज्या यंत्रावर ज्याचं खातं चालू आहे, त्यावर वाजेल ते त्याच्याच नावावर जातं. टीव्हीवर कोण बसलंय हे त्याला कळत नाही. शिवाय यूट्यूबवर पाहिलेल्या गाण्यांचाही यूट्यूब म्युझिकच्या शिफारशींवर परिणाम होतो, त्यामुळे टीव्हीवरची बालगीतं बाबांच्या फोनवर पोचली.

टीव्हीवर यूट्यूब उघडून डावीकडे खात्याच्या चित्रावर जा आणि बहिणीचं, बायकोचं खातं जोडा. मुलासाठी वेगळं Kids प्रोफाइल करा, त्याचं पाहणं त्याच्यापुरतंच राहतं. स्पीकरला गूगल होम अ‍ॅपमधून प्रत्येकाच्या फोनवर Voice Match करा. सहा आवाजांपर्यंत ओळखतो. प्रत्येकाने आपल्याच फोनवरून यूट्यूब म्युझिक डिफॉल्ट सेवा म्हणून निवडायला हवी. हे बहुतेक जण विसरतात.

मग खात्री अशी करा: टीव्ही, स्पीकर, गाडी, प्रत्येक ठिकाणी एकच ओळखू येणारं गाणं एकदा लावा आणि सगळ्यांच्या फोनवर History उघडून पाहा. ज्याच्या यादीत दिसेल, त्याच्या नावावर ते यंत्र आहे.

कोकणातली_वर्षा: माझा मुलगा जर्मनीत आहे. त्याला आमच्या प्लॅनमध्ये घेतलं तर त्याची गाणी वेगळी राहतील का?

मीनल_ठाणे: वर्षाताई, हिस्टरी वेगळी राहील, पण अट वेगळी आहे. सगळे सदस्य एकाच घरात राहणारे हवेत, आणि दर तीस दिवसांनी ती तपासणी होते. त्याला तिकडेच वेगळा प्लॅन घेऊ दे. एकदा कुठल्या कुटुंबगटात गेला, तर दुसऱ्या गटात जायला बारा महिन्यांत एकच संधी असते, म्हणून घाईत निमंत्रण स्वीकारायला लावू नका.

पहाटेचा_रियाज: आत्ता तपासलं. स्पीकरवर बायकोने लावलेलं गाणं बाबांच्या यादीत! आता आधीचं मिसळलेलं कसं काढायचं? सगळी हिस्टरी पुसायची वेळ आली तर बाबांचे अभंगही जातील.

मीनल_ठाणे: सगळी पुसू नका. बाबांच्या खात्यातून myactivity.google.com वर जा, यूट्यूब निवडा आणि शोधात बालगीताचं किंवा त्या बँडचं नाव टाका. फक्त तेवढ्याच नोंदी पुसता येतात. एखादा तास जाईल. लाइक केलेली गाणीही बघा, मुलाने चुकून अंगठा दाबलेला असतो. तरी काही दिवस अधूनमधून एखादं बालगीत येईल, तेव्हा तिथल्या तिथे Not interested करा.

नाशिकचा_निनाद: माझ्याकडे उलटा प्रश्न. नवीन खातं काढलं, तर जुनी हिस्टरी तिकडे नेता येते का?

मीनल_ठाणे: हिस्टरी नाही नेता येत. प्लेलिस्ट Unlisted करून तिची लिंक नवीन खात्यात उघडा आणि जतन करा. म्हणून जुनं खातं ज्याचं मुळात आहे त्याच्याकडेच ठेवावं, बाकीच्यांनी नवीन घ्यावीत.

पहाटेचा_रियाज: तसंच करतो. दोनशेवर नोंदी पुसल्या, टीव्हीवर मुलाचं प्रोफाइल केलं. आज पहाटे पहिल्या ओळीत फक्त भक्तिगीतं आली. एक अडचण उरली: भावाचा आवाज बाबांसारखाच आहे, आणि स्पीकर त्यालाही बाबा समजतो. दोघांनी दोनदा आवाज नोंदवला, तरी तेच. कुणाला जमलंय का?