साडेनऊ तासांच्या अंतरावरची थट्टामस्करी

>> तो बॉस्टनला, मी पुण्यात. ‘जेवलास का?’च्या पुढे गाडीच जात नाही.

तुमच्या सकाळी साडेसातला त्याच्याकडे रात्रीचे दहा असतात. फ्लर्टिंग समोरासमोर करायचं ते तेव्हाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग मार्चपर्यंत तुमच्या सकाळचे साडेआठ धरा.

एरवी दुपारी, तो झोपेत असताना, पंधरा-वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज मुद्दाम अर्धवट तोडून पाठवा: ‘त्या निळ्या शर्टाबद्दल एक तक्रार आहे. तुझ्या रात्री सांगते.’ उठल्यावर ऐकेल आणि दिवसभर अंदाज बांधत बसेल.

टोमणा मात्र लिहून नको, आवाजातच द्या. काही तासांनी अर्धवट झोपेत वाचताना त्यातलं हसू गळतं, नुसती तक्रार उरते. उत्तरादाखल कोरडं ‘बरं’ आलं, की समजा तेच झालंय.